आमची वाटचाल : दांड्यावरचा तिरका पट्टा

आम्ही रंगाचे ब्रश बनवतो. भिंती, दारं-खिडक्या आणि लोखंडी कामासाठी लागणारे चपटे ब्रश, एक इंचापासून पाच इंचांपर्यंत. लाकडी दांडा, पत्र्याची पट्टी आणि त्यात चिकटवलेले केस, एवढाच हा माल. नवीन माणसाला दोन ब्रशांतला फरक दिसत नाही. तो कळतो वापरल्यावर. चांगल्या ब्रशाचे केस टोकाला बारीक फाटलेले असतात, त्यामुळे रंग सारखा धरला जातो आणि ओढल्यावर रेघा उठत नाहीत. पट्टीच्या आत केसांच्या मुळाशी गोंद नीट भिनलेला असला की केस गळत नाहीत. यातलं काहीच दुकानात उभं राहून समजत नाही. ज्या मालाचा दर्जा विकत घेताना दिसत नाही, त्याची नक्कल करणं सर्वात सोपं असतं. नक्कल करणाऱ्याला आतला ब्रश बनवायचाच नसतो, बाहेरचा तेवढा जमवायचा असतो.

आमच्या ब्रशाचं नाव जरा चालायला लागलं आणि नकला आल्या. त्या दोन प्रकारच्या होत्या, आणि हा फरक आम्हाला पुढे फार उपयोगी पडला. पहिला प्रकार सरळ बनावट मालाचा. आमचंच नाव, आमचंच पॅकेट, आत भलताच ब्रश. दुसरा प्रकार लबाड, पण कायद्याच्या कडेवरून चालणारा. नावात दोन अक्षरं वेगळी, पिवळा दांडा तोच, पॅकेटवरची लाल पाटी त्याच जागी, अक्षरांचा तिरकेपणाही तोच. मागच्या बाजूला बारीक अक्षरात त्यांचं स्वतःचं नाव. कोणी जाब विचारला तर म्हणायला मोकळे, की आम्ही आमच्या नावाने विकतो.

बनावट मालाविरुद्ध कायदा चांगला चालतो. नोंदणीकृत नाव जसंच्या तसं वापरलं असेल तर वाद फारसा उरत नाही, माल जप्त होतो, नोटिशीला दाद मिळते. त्या बाबतीत आम्ही आजही एक दिवस दवडत नाही. दुसऱ्या प्रकाराचं तसं नव्हतं. वकिलांची नोटीस गेली की समोरचा पाटीचा लाल रंग जरा गडद करायचा, एक अक्षर बदलायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा बाजारात हजर. काहींच्या पॅकेटवर धड पत्ताही नसायचा. एकाला थांबवलं की त्याच साच्यातून माल घेणारा दुसरा उभा राहायचा. वकिलांनी आम्हाला एक प्रश्न विचारला, तो मी इथे मुद्दाम लिहितो: "नाव झाकलं, तर हा ब्रश तुमचाच आहे हे गिऱ्हाईक कशावरून ओळखतं?" कोर्टात हाच प्रश्न येणार होता, आणि त्याचं उत्तर नोंदणीच्या कागदात नसतं. ते गिऱ्हाइकाच्या डोक्यात असायला लागतं.

त्याच काळात आम्हाला दोन सल्ले वारंवार मिळाले आणि आम्ही दोन्ही नाकारले. पहिला होता, पॅकेट बदला, दर दोन वर्षांनी नवं काढा, म्हणजे नकली मागे पडतील. दिसायला हा हुशार सल्ला आहे. पण पॅकेट बदललं की आपल्याच गिऱ्हाइकाची सवय मोडते. दुकानात काही महिने जुना आणि नवा माल शेजारी लटकत राहतो, आणि नवा, अनोळखी दिसणारा माल लोकांना नकली वाटतो. शिवाय नक्कल करणाऱ्याला आयतं झाकण मिळतं. "कंपनीने पॅकेट बदललंय" एवढं त्याने सांगितलं की त्याचा कसलाही ब्रश खपतो.

दुसरा सल्ला होलोग्रामचा. होलोग्राम घाऊक व्यापाऱ्याला बरा, कारण तो खोकं उघडून, निरखून माल घेतो. सुटा ब्रश घेणाऱ्या रंगाऱ्याला त्यात नेमकं काय बघायचं ते माहीत नसतं. त्याला काहीतरी चमकतंय एवढं दिसतं, आणि चमकणारं स्टिकर कोणीही लावू शकतं. होलोग्राम तपासायचा असतो. आम्हाला हवी होती न तपासता, लांबूनच कळणारी खूण.

इथे एक जुनं उदाहरण आम्हाला फार उपयोगी पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोका-कोलाच्या मागे नकलांचा सुळसुळाट होता. कोका-नोला, टोका-कोला, इंग्रजी के अक्षराने लिहिलेलं कोक अशी सारखी ऐकू येणारी नावं, आणि सरळ उभ्या बाटल्या, ज्या सगळ्यांच्याच सारख्या. त्यांच्या बाटलीवर कागदी लेबल असायचं, आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या बाटल्यांवरून ते सुटून जायचं. लेबल गेलं की अस्सल आणि नकली सारखंच. कंपनीने खटले लढवलेच. या के-वाल्या कोक नावाविरुद्धचा त्यांचा खटला 1920 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जिंकला गेला. पण त्याआधीच, 1915 साली, काच कारखान्यांना एक मागणी पाठवली होती: अंधारात नुसत्या हाताने चाचपून ओळखता येईल, फुटून जमिनीवर पडली तरी तुकड्यांवरून कळेल, अशी बाटली हवी. रूट ग्लास कंपनीची कमरेत वळलेली, उभ्या खाचांची बाटली त्यातून आली. खटले आणि बाटली ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती, हे मला यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं.

आमच्याही मालाची अडचण हीच होती. सगळी ओळख पॅकेटवर, आणि पॅकेट रंगारी पहिल्याच दिवशी फाडून टाकतो. त्यानंतर तो ब्रश कित्येक महिने त्याच्या हातात असतो, चार मजुरांच्या नजरेसमोर असतो, आणि त्या सगळ्या काळात तो नुसता एक पिवळ्या दांड्याचा ब्रश असतो.

नवीन काही घडवण्याआधी आपल्याकडे काय आहे ते मोजायचं ठरलं. याची रीत ऑस्ट्रेलियातल्या एहरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूटमधल्या जेनी रोमानियुक यांच्या कामातून आली आहे, आणि लहान कंपनीलाही ती परवडते. रंग, आकार, चिन्ह, अक्षरांची ठेवण, अशी एकेक खूण सुटी करायची, नाव पूर्ण काढून टाकायचं आणि माणसाला विचारायचं, हे बघून कोणती कंपनी आठवते? दोन आकडे काढायचे. पहिला प्रसिद्धीचा, म्हणजे शंभरातल्या किती जणांनी आपलं नाव घेतलं. दुसरा वेगळेपणाचा, म्हणजे जेवढी म्हणून कंपन्यांची नावं घेतली गेली त्यात आपला वाटा किती. समजा शंभर जणांना पिवळा दांडा दाखवला आणि साठ जणांनी आपलं नाव घेतलं, तर प्रसिद्धी 60 टक्के. पण त्याच लोकांनी मिळून इतर कंपन्यांचीही नव्वद नावं घेतली असतील, तर एकूण दीडशे नावांत आपली साठ, म्हणजे वेगळेपणा 40 टक्के. दोन्ही आकडे 50 टक्क्यांच्या वर असतील तर ती खूण आपली म्हणता येते, एकटी वापरली तरी चालते. प्रसिद्धी जास्त आणि वेगळेपणा कमी असेल तर ती एकटी वापरणं धोक्याचं, कारण ती बघून लोकांना दुसरेही आठवतात. वेगळेपणा जास्त पण प्रसिद्धी कमी असेल तर ते कच्चं पण चांगलं बियाणं, त्यावर पैसा आणि वेळ घालावा.

विचारण्यात काही पथ्यं असतात. फक्त आपल्याच गिऱ्हाइकांना विचारायचं नाही, कारण त्यांना आपण आठवणारच. ब्रश घेणाऱ्या कोणालाही विचारायचं. नावांची यादी पुढे ठेवायची नाही, यादी दिली की माणूस अंदाज मारतो. आणि "काहीच आठवत नाही" हेही उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं. आम्ही दुकानांच्या दारात आणि बांधकामाच्या जागी उभं राहून हे केलं. छापील कार्डांवर एकेक खूण, आणि शेवटी नाव खरवडून काढलेला ब्रश.

निकाल स्पष्ट होता. पिवळा दांडा सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण तो बघून लोक आमचं नाव घेत तसंच आणखी तिघा-चौघांचं घेत. लाल पाटी तर ब्रशाच्या धंद्याचीच खूण झाली होती. म्हणजे नक्कल करणारे जे चोरत होते असं आम्हाला वाटत होतं, त्यातलं बरंचसं बाजाराने कधीच सार्वजनिक मानलं होतं. बोटं टेकायला दांड्याच्या खालच्या अंगाला आम्ही एक खाच देत होतो, तिच्यावर आमची भिस्त होती. ती रंगाऱ्यांना आवडायची, पण वकिलांनी त्याचा एक तोटा दाखवला. जी गोष्ट वापरायला सोयीची म्हणून आहे, तिला बहुतेक देशांत ट्रेडमार्कचं संरक्षण मिळत नाही. सोयीच्या शोधासाठी पेटंट असतं आणि त्याची मुदत संपते. सोय कायमची एकाच्या मालकीची राहू नये, हा त्यामागचा विचार आहे. तेव्हा ओळखीसाठी निवडायची ती गोष्ट कामाच्या दृष्टीने बिनगरजेची हवी.

उरली एक खूण, जिच्याकडे आम्ही खूण म्हणून पाहिलंच नव्हतं. दांड्याच्या टोकाला आम्ही निळ्या रंगाची दुसरी बुडी द्यायचो, आणि रंगात बुडवताना दांडे ज्या पट्टीला टांगतो ती आमची पट्टी पूर्वीपासून कलती असल्यामुळे निळा-पिवळा सांधा सरळ न येता तिरका यायचा. लोकांना कंपनीचं नाव कमी वेळा आठवलं, पण ज्यांना नाव आठवलं त्यांनी जवळपास आमचंच घेतलं. एका रंगाऱ्याने तर ब्रश हातात घेऊन सांगितलं, "साहेब, नाव नाही सांगता येणार, पण तो तिरक्या टोपीवाला. त्याचे केस गळत नाहीत." प्रसिद्धी कमी, वेगळेपणा जास्त. आमचं बियाणं सापडलं होतं.

जागाही नेमकी मिळाली होती. काम करताना रंग पट्टीवरून दांड्याकडे ओघळतो, दांड्याचा खालचा भाग आठवड्याभरात ओळखू येईनासा होतो. सर्वात शेवटपर्यंत स्वच्छ राहतं ते वरचं टोक. दुकानात ब्रश टोकाच्या भोकातून खिळ्याला अडकवतात, तेव्हा ते टोक नजरेच्या समोर येतं. डब्यात ब्रश उभा ठेवला तरी टोकच वर दिसतं.

आता ते पक्कं करायचं होतं. आधी पट्टा कधी जास्त तिरका, कधी कमी यायचा. आम्ही टांगायच्या पट्ट्या नव्याने करून घेतल्या, सगळ्या एकाच कोनात, आणि पट्ट्याची खालची कड कुठे यावी याचा एक मापाचा दांडा प्रत्येक टाकीजवळ ठेवला. खरी डोकेदुखी थेंबाची होती. कलता दांडा टाकीतून वर काढला की रंग सर्वात खालच्या कडेला गोळा होतो आणि तिथे टपोरा थेंब वाळतो. रंग पातळ केला तर पिवळा खालून डोकावतो, घट्ट ठेवला तर थेंब मोठा. उपाय होता दांडा सावकाश वर काढण्याचा. रंग निथळतो त्यापेक्षा हळू वर घेतला की थर पातळ आणि सारखा बसतो, थेंब जवळपास उरत नाही. त्यासाठी मोटरचा वेग कमी केला आणि रंगाचा घट्टपणा रोज फोर्ड कपाने मोजायला सुरुवात केली, म्हणजे ठराविक भोकाच्या कपातून वाहणाऱ्या रंगाची धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते बघायचं. दर ब्रशामागे खर्च किरकोळ वाढला. पण जो सरळ टांगून भराभर बुड्या मारतो, त्याला हा तिरका सांधा स्वच्छ जमत नाही. त्याला पट्ट्या, वेग, सगळं बदलावं लागतं, आणि स्वस्त नकलेचं गणित तिथेच बिघडतं.

पट्टा दांड्यावर पक्का झाला तेव्हा तो बाकी सगळीकडे नेला. खोक्याच्या अरुंद बाजूवर तोच कोन, तेच दोन रंग, कारण गोदामात खोकी रचल्यावर तीच बाजू दिसते. दरपत्रकाच्या डोक्यावर, बिलाच्या कोपऱ्यात, गाडीच्या मागच्या दारावर. पहिली काही वर्षं पट्ट्याजवळ नाव असलंच पाहिजे, असा नियम केला. नुसती खूण दाखवत राहिलं तर लोकांना ती आवडेल, पण कोणाची ते कळणार नाही. ऑनलाइन विक्रीसाठीचे फोटो पुन्हा काढून घेतले. आधीच्या फोटोंत केस मोठे आणि दांडा अर्धा कापलेला असायचा. मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढ्या चित्रात केस सगळ्यांचे सारखेच दिसतात. आता दांड्याचं टोक चित्रात पूर्ण असतं. आणि मापं वाढली, केस कृत्रिम आले, मऊ रंगांसाठी वेगळी मालिका आली, तरी प्रत्येक वेळी नवा रंग सुचवणाऱ्यांना नकार दिला. इथे कंटाळा आपल्याला आधी येतो. आपण ती खूण दिवसभर बघतो, गिऱ्हाईक वर्षातून दोन-चारदा.

परिणाम मोजायला आमच्याकडे एक साधं माप होतं. केस गळतात म्हणून परत आलेले ब्रश. पूर्वी दुकानदार जे परत पाठवायचे, त्यांत आमचे नसलेले ब्रश बरेच असायचे. दुकानदाराने आमचा समजून विकलेला, गिऱ्हाइकाने आमचा समजून घेतलेला, आणि शिव्या मात्र आम्हाला. असे ब्रश आम्ही वेगळ्या ट्रेमध्ये टाकत गेलो. पट्टा रुळत गेला तसा तो ट्रे भरण्याचा वेग हळूहळू मंदावला. दुकानदारच काउंटरवर सांगू लागले, "तिरका नाही ना, मग तो त्यांचा नाही."

आणि मग पट्ट्याचीही नक्कल झाली. ती होणार हे धरूनच चाललो होतो. आधी कोणीतरी सरळ निळी टोपी आणली, तिने फारसं काही बिघडलं नाही. मग एकाने तिरका पट्टा आणला, त्याच निळ्यात, त्याच टोकाला. त्या वेळी कायदा आमच्या कामी फार वेगळ्या ताकदीने आला. दुसऱ्याच्या मालाचा भास निर्माण करून विकण्याविरुद्धच्या दाव्यात इंग्लिश कायद्याच्या परंपरेत तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: त्या रूपाला बाजारात पत आहे, समोरच्याने त्यामुळे लोकांची दिशाभूल केली, आणि त्यातून नुकसान झालं किंवा होईल. ही मांडणी ज्या निकालाच्या आधारे सांगितली जाते तो 1990 चा जिफ लेमनचा निकाल आमच्या वकिलांनी आम्हाला समजावून सांगितला. ब्रिटनमध्ये 1956 पासून लिंबाचा रस लिंबाच्याच आकाराच्या पिवळ्या प्लास्टिकच्या बाटलीत विकला जात होता. दुसऱ्या कंपनीने तशीच बाटली आणली, लेबल मात्र स्वतःच्या नावाचं. तरीही पहिली कंपनी जिंकली, कारण घेणारे लेबल वाचतच नव्हते, ते लिंबू बघून उचलत होते. आणि ते तसं वागतात हे पुराव्याने दाखवता आलं होतं.

आमच्याकडेही आता दाखवायला होतं. तारखांसकट जुनी दरपत्रकं, दरवर्षीच्या खोक्यांचे फोटो, आणि दर वर्षी तीच प्रश्नावली घेऊन केलेल्या पाहणीचे कागद, ज्यात नाव नसताना पट्टा बघून लोक आमचं नाव घेत होते. शिवाय तो पट्टा कामाच्या दृष्टीने बिनगरजेचा होता. दांडा रंगवायलाच हवा, पण टोक निळं आणि सांधा नेमका त्याच कोनात तिरका कशासाठी, याचं उत्तर समोरच्याकडे नव्हतं. 2025 च्या जानेवारीत ब्रिटनच्या अपील न्यायालयाने सायडर हे सफरचंदाचं मद्य बनवणारी थॅचर्स आणि तिच्यासारखाच कॅन आणणारी ऑल्डी ही दुकानांची साखळी यांच्या वादात दिलेल्या निकालातही अशीच एक बारीक गोष्ट आहे. मूळ कॅनच्या पार्श्वभूमीवर फिकट आडव्या रेषा होत्या, आणि त्याही नकलेत उतरल्या होत्या. जी गोष्ट घ्यायचं काही कारण नाही, तीच घेतलेली असली की ती नुसत्या योगायोगाने आली असं म्हणणं अवघड होतं. आमच्या प्रकरणात नोटिशीनंतर पट्टा गेला आणि पुन्हा आला नाही. आधीच्या, पिवळ्या दांड्यावरून झालेल्या भांडणांत असं एकदाही घडलं नव्हतं.

पट्ट्याने सगळं साधतं असं नाही. ज्याला स्वस्तच हवं आहे, तो पट्टा ओळखूनही दुसरा ब्रश घेतो, आणि एका भिंतीसाठी ब्रश वापरून फेकणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. तो आमचा तोटा आहे, पण फसवणूक नाही. ठेकेदार जिथे शंभर ब्रश एकदम भावावर घेतो, तिथे रंगाऱ्याच्या ओळखीला विचारतं कोण. आणि आत केस चांगले नसतील तर ही खूण आमच्यावरच उलटेल, कारण मग लोक पट्टा बघून टाळतील. म्हणून गोंद भिनायला ठेवायचा वेळ आम्ही मागणी चढली तरी कमी करत नाही.

सध्या आमच्यापुढे रोलरचा प्रश्न आहे. रोलरची मूठ प्लास्टिकची, साच्यातून एका रंगात निघते. तिरका निळा सांधा द्यायचा तर दुरंगी साचा हवा, आणि तो महाग आहे. छापून पट्टा द्यायचा प्रयोग केला, पण थिनरने पुसला की तो महिन्याभरात जातो, आणि अर्धवट पुसलेला पट्टा नकली मालासारखा दिसतो. विक्रीवाल्यांचं म्हणणं, रोलर आधी साधा काढू, पट्टा नंतर बघू. मी ते मान्य केलेलं नाही. निळं टोक वेगळ्या साच्यात काढून, तिरक्या कापावर मुठीत दाबून बसवायचं, असा एक नमुना सध्या थिनरच्या भांड्यात बुडवून ठेवला आहे. तो टिकला तर रोलर येईल.